तक्रार नाही, असं मी लिहिलं होतं

ही गोष्ट कुठल्या तुरुंगाची आहे ते मी सांगणार नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. त्या वेळी जे म्हणायचं होतं ते मी ज्याच्या त्याच्या तोंडावर म्हटलेलं आहे, आणि त्यातली बरीचशी माणसं आता पेन्शन घेऊन घरी बसली असतील. त्यांच्या नातवंडांसमोर त्यांचा पाणउतारा करण्यात मला रस नाही. पण घडलं ते लिहिणार, कारण त्यात माझीही एक चूक आहे आणि ती माझ्याच अक्षरात, माझ्या सहीनिशी एका सरकारी वहीत पडून आहे.

नव्वद सालाच्या आगेमागे मी डोंबिवली पूर्वेला राहत होते. शाळेत मराठी शिकवायचे. आमचे हे मानपाड्याकडच्या एका कंपनीत सुपरवायझर. शनिवारी दुपारी मी महिला मंडळात बायकांना सही करायला शिकवत असे. एवढ्या भांडवलावर सरकारनं मला तुरुंगाची अशासकीय अभ्यागत नेमलं. अभ्यागत म्हणजे व्हिजिटर. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, सरकारी दवाखान्याचे मुख्य डॉक्टर ही मंडळी हुद्द्यानंच अभ्यागत असतात, आणि त्यांच्या जोडीला बाहेरची तीन-चार माणसं सरकार नेमतं. त्यांनी पाळीपाळीनं तुरुंगात जायचं, बराकी पाहायच्या, जेवण चाखायचं, कैद्यांना काही सांगायचं असेल तर ऐकायचं आणि ऑफिसातल्या शेरेबुकात लिहायचं. त्या शेऱ्याची नक्कल अधीक्षकानं आपल्या खुलाशासकट पुण्याला महानिरीक्षकांकडे पाठवायची. शिवाय दर तीन महिन्यांनी सगळ्यांनी मंडळ म्हणून एकत्र बसायचं. आमच्या तुरुंगात बायकांची एक बराक होती म्हणून यादीत एक बाई हवी होती. आमदारांना माझं नाव आठवलं. त्यांच्याकडे कधी काही मागायला न गेलेली मी एकटीच असावी.

पहिल्या खेपेला मी नवी कोरी साडी नेसून गेले होते. आता सांगताना माझं मलाच हसू येतं. अधीक्षकसाहेब दारापर्यंत घ्यायला आले. टेबलावर कापडानं झाकलेलं ताट होतं. त्यात डाळ, भाजी, चपाती, भात. मी चमचाभर डाळ चाखली आणि म्हटलं, छान आहे. ती कैद्यांच्या पातेल्यातली आहे का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. पाहुण्याच्या ताटात काय वाढलंय यावरून त्या घरातली सून काय खाते ते कळत नाही, एवढं तरी मला ठाऊक असायला हवं होतं.

मग बायकांच्या बराकीत गेलो. पंचवीस-तीस बाया भिंतीला पाठ लावून ओळीनं बसवलेल्या. माझ्या शेजारी अधीक्षक, मागे तुरुंगातली महिला जमादार. धिप्पाड बाई, हातात किल्ल्यांचा जुडगा. मी शाळेत विचारावं तसं विचारलं, "कुणाची काही तक्रार?"

एकजण म्हणाली, "नाही बाई." बाकीच्या माना हलल्या. मी खाली येऊन शेरेबुकात लिहिलं, 'जेवण चांगले. स्वच्छता समाधानकारक. कैद्यांची तक्रार नाही.' आणि पुढच्या दोन भेटींतही थोड्याफार फरकानं तेच लिहिलं. चहा आणि बटाटेवडा मात्र तिन्ही वेळा उत्तम होता.

चौथ्या पाळीआधी एका रविवारी सकाळी दारात एक मुलगी उभी राहिली. वीस-बावीस वर्षांची, हातात कापडी पिशवी. वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला होती. घर खाडीकडच्या कोळीवाड्यात. मुलाकातीच्या रांगेत कुणीतरी तिला माझा पत्ता दिला होता. तिची आई सहा महिन्यांपासून आत होती. भावकीतल्या मारामारीत एक माणूस मेला, घरातल्या चौघांना धरलं, त्यात ही. खटला उभा राहायचा होता. अशांना तुरुंगात कच्चे कैदी म्हणतात. गुन्हा अजून शाबीत व्हायचा असतो, शिक्षा मात्र चालू असते.

मुलीनं पिशवी उघडून दाखवली. जुन्या सुती साडीचे फाडलेले तुकडे होते, धुऊन घड्या घातलेले.

"आई दर मुलाकातीला हेच मागते," ती म्हणाली. "पहिला मयन्याला एकदा. मंग दर आठवड्याला. गेटावर एकच साडी घेतात, जास्त नाय घेत. काल ही सगलीच परत दिली."

"आईला विचारलंस का, काय होतंय?"

"कसा विचारू? जालीच्या हिकडं आमी वीस जन, तिकडं ते वीस जन. सगली बोंबलतात. पुरुषमानसा आजूबाजूला. ती काय ओरडून सांगल काय, माझे आंगावशी जाताय म्हनून?"

मी तिला चहा दिला. चहा होईपर्यंत माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. मी तीन वेळा त्या बराकीत उभी राहिले होते. निदान शेवटच्या खेपेला तरी ही बाई त्याच ओळीत बसलेली असणार, साडीखाली घड्या घेऊन. आणि मी लिहून आले होते, तक्रार नाही. मला इतकी शरम वाटली की मुलीच्या डोळ्याला डोळा देववेना.

सोमवारी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि न कळवता गेले. अभ्यागताला कळवून जायची सक्ती नसते. नेमणुकीच्या पत्रासोबत नियमांची चार पानं आली होती, ती मी रविवारी दुपारी पहिल्यांदा नीट वाचली होती. नेमणूक होऊन वर्ष होत आलं होतं.

अधीक्षक जेवायला बसायच्या बेतात होते. "बाई, फोन तरी करायचात," ते म्हणाले.

"ताट झाकून ठेवायला वेळ मिळावा म्हणून?" मी म्हटलं. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

बराकीत मी त्या मुलीच्या आईशी बोलायचं आहे असं सांगितलं. जमादारबाई पुढे होऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "तुम्ही त्या नळाजवळ उभ्या राहा."

"तसा आर्डर नाय मॅडम. कैदी एकटा नाय सोडता येत."

"एकटा नका सोडू. मला दिसेल असं उभं राहा. फक्त आमचं बोलणं ऐकू येता कामा नये. नियमच तसा आहे, नजरेच्या टप्प्यात आणि कानाच्या टप्प्याबाहेर. पान दाखवू का?"

पान बघायला त्या थांबल्या नाहीत. किल्ल्या वाजवत नळाकडे गेल्या आणि तिथून माझ्याकडे असं बघत राहिल्या की जणू मी त्यांच्या घरातली भांडी चोरायला आले आहे.

बराकीत सगळ्याजणी जिला मावशी म्हणत ती ही. चाळिशीची असेल. कोळणीचं शरीर असतं तसं मुळात काटक, पण आता चेहरा कागदासारखा पांढरा पडलेला. माझ्याशेजारी ओट्यावर बसताना तिनं आधी खाली साडीची घडी सरळ केली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तीन मयने. आधी थांबायचा, आता थांबतच नाय."

"इथल्या डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवला ना. बापया हाय तो. जमादारीन बाजूला. त्यानं विचारला काय होते, मी बोलली कमजोरी. तांबड्या गोल्या दिल्या. मंग मना चक्कर आली नि पडली, तवा त्याला कलला. त्यानं चिट्टी लिवली मोठ्या दवाखान्याची."

"मग?"

"मंग काय. चिट्टी हाय, मी हाय. न्यायला कोन नाय."

मी तिला विचारलं, मी गेल्या महिन्यात आले होते, तेव्हा का बोलली नाहीस? ती माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात राग नव्हता, हे जास्त लागलं.

"तुमी इचारला तवा साहेब तुमचे बाजूला, ही मागं. तुमी जानार घरा. मी कुटं जानार?"

खाली येऊन मी अधीक्षकांसमोर बसले. या माणसाबद्दल मला खोटं लिहायचं नाही. तो राक्षस नव्हता. त्यानं कपाटातून एक रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. मावशीच्या नावापुढे तारखांची ओळ होती. तुरुंगातून कैदी बाहेर न्यायचा तर पोलीस मुख्यालयातून गार्द, म्हणजे पोलिसांचा पहारा, यावा लागतो, आणि बाईमाणूस न्यायची तर त्या गार्दात महिला पोलीस हवी. अधीक्षकांनी आठ वेळा गार्द मागितला होता. आठही वेळा आला नव्हता. कधी मंत्र्यांचा दौरा, कधी गणपतीचा बंदोबस्त, कधी नुसतंच 'मनुष्यबळ उपलब्ध नाही.'

"कोर्टाच्या तारखांनाही हेच होतं," ते म्हणाले. "गार्द नाही म्हणून बाई कोर्टात गेलीच नाही तीन तारखा. वॉरंटावर पुढची तारीख पडून परत येते. मी काय करू, बाई? खांद्यावर घालून नेऊ?"

"आठ पत्रांना उत्तर नाही, हे तुम्ही वर कळवलंत?"

"प्रत जाते ना."

"प्रत जाते, बाई मात्र जागची हलत नाही."

त्यांनी शेरेबुक पुढे सरकवलं आणि अगदी थंडपणे पान उलटून दाखवलं. "लिहा ना. पण वरती तुमचाच शेरा आहे बघा. 'कैद्यांची तक्रार नाही.' गेल्या महिन्यातला. पुण्याला दोन्ही नकला एकाच फायलीत लागतील. मग ते विचारतील, एका महिन्यात एवढं काय आभाळ कोसळलं?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय बोलणार! माझ्याच अक्षरातली ती ओळ मी वाचली. शाळेत मुलांना मी सांगायचे की न वाचता सही करू नका. इथे मी न बघता लिहिलं होतं. एक क्षण वाटलं, नको लिहायला, आधी तोंडी सांगून बघू. माझ्यातल्या शहाण्या बाईनं मला तेच सांगितलं, पण मी तिचं ऐकलं नाही.

मी लिहिलं, 'यापूर्वीचे माझे तीन शेरे चुकीचे आहेत. ते अधिकाऱ्यांच्या समक्ष प्रश्न विचारून लिहिले होते. आज कैद्याशी एकांतात बोलल्यावर कळले ते असे.' आणि मग सगळं. रक्तस्राव हा शब्द लिहिला. तीन महिने लिहिलं. आठ पत्रं, तारखांसकट उतरवून काढली. बायकांना कपडा पुरेसा मिळत नाही आणि घरून आणलेला गेटवर परत जातो, तेही लिहिलं. तक्रारीची पेटी, जिची किल्ली न्यायालयाकडे असते, ती पुरुषांच्या बाजूच्या बोळात टांगली आहे आणि तिथवर एकही बाई पोचत नाही, हेही लिहिलं. दोन पानं झाली. अधीक्षकांचं जेवण गार झालं.

घरी आल्यावर यांना सांगितलं. ते पेपर खाली न ठेवता म्हणाले, "खून केलाय ना त्यांनी? मग तू कशाला वकिली करतेस?"

"कोर्टानं अजून म्हटलेलं नाही. आणि म्हटलं तरी फाशीच्या कैद्यालाही दवाखाना मिळतो. रक्त जाऊन मरायची शिक्षा कुठल्या पुस्तकात आहे ते सांगा, मी गप्प बसते."

त्यांनी पेपर खाली ठेवला. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू तर जिन्यात म्हणाल्या, "तुमच्या कैद्यांना आता बिर्याणी द्या हो." मी म्हटलं, "तुमच्याकडे उरली असेल तर द्या, घेऊन जाते." त्यानंतर त्या माझ्याशी दोन महिने बोलल्या नाहीत.

पुण्याहून काही आलं नाही. तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा शेऱ्याखाली अधीक्षकांचा खुलासा चिकटवलेला होता, 'गार्दाची मागणी केलेली आहे.' म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. रजिस्टरात आठाचे दहा झाले होते. मावशी आता ओट्यावर बसत नव्हती, चटईवर पडून होती. कपड्यांची मात्र अडचण राहिली नव्हती, ते तेवढं माझ्या शेऱ्यानंतर गेटवर घ्यायला लागले होते. तिनं मला विचारलं, "बाई, मी मेली तं माझे पोरीला मयत देतील ना? का त्यालापन गार्द लागल?"

मी तिचा हात धरून बसले. हात थंडगार होता.

त्याच आठवड्यात मंडळाची तिमाही बैठक होती. मी जिल्हा न्यायाधीशांना आधी पत्र टाकलं होतं, माझ्या जुन्या आणि नव्या शेऱ्यांची हातानं उतरवलेली नक्कल जोडून. पोचलं असेल की नाही कोण जाणे. बैठकीला ते स्वतः आले होते, जिल्हाधिकाऱ्यांच्या वतीनं एक तरुण अधिकारी, सरकारी दवाखान्याचे मुख्य डॉक्टर, आणि आम्ही तिघे बाहेरचे. अधीक्षकांच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या. प्रत्येकापुढे एक टाईप केलेला कागद. मी चष्मा लावला. ते बैठकीचं इतिवृत्त होतं. बैठक सुरूही झाली नव्हती आणि 'मंडळाने सर्व विभागांची पाहणी करून समाधान व्यक्त केले' असं त्यात लिहिलेलं होतं. खाली सह्यांसाठी जागा सोडलेल्या.

हा तिथला रिवाज होता. कुणाला यात गैर वाटत नसे. साहेब लोकांना वेळ नसतो, म्हणून सोय. गेल्या वेळी मीही तशीच सही केली असणार, मला आठवतसुद्धा नाही.

चहा आला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी सही करून कागद पुढे सरकवला. मी पेन उचललं आणि परत ठेवलं.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. आवाज थोडा चढलाच. "आपण अजून काहीच पाहिलेलं नाही. समाधान कसलं झालं?"

जिल्हाधिकारी कार्यालयाचा तो तरुण घड्याळाकडे बघू लागला. अधीक्षक म्हणाले, "बाई, फेरी नंतर आहेच. हा फक्त मसुदा आहे."

"मग मसुद्यात असं घाला, की बायकांच्या बराकीत एक बाई तीन महिने रक्त जाऊन पडली आहे आणि तिला दोन मैलांवरच्या दवाखान्यात न्यायला या जिल्ह्यात एक महिला पोलीस मिळत नाही. त्यावर मी सही करते. आत्ता करते."

'रक्त' हा शब्द, तोही बाईच्या तोंडून, असा भर चहात पडला की त्या सहा पुरुषांना बशी कुठे ठेवावी ते कळेना. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. तीन महिने ती लाज एकट्या मावशीनं वाहिली होती. आता थोडी या टेबलानंही वाहावी.

न्यायाधीशांनी फाईल उघडली. माझं पत्र त्यांच्याकडे होतं. त्यांनी ते बाहेर काढलं, एकदा वाचलं आणि उठले. "चहा नंतर," म्हणाले. "आधी बराक."

बराकीत नेहमीप्रमाणे ओळ बसवलेली होती. मावशी चटईवर. न्यायाधीशांनी जमादारबाईंना आणि अधीक्षकांना फाटकाजवळ थांबायला सांगितलं. मी चकित झाले. त्यांना तो नियम माझ्यासारखा रविवारी दुपारी वाचावा लागला नव्हता. मग ते मावशीजवळ आले, चपला काढून उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला काय त्रास आहे? यांच्याशी बोलायचं असेल तर यांच्याशी बोला, मी लांब जातो."

मी पुढे झाले. पण मावशी कोपरावर रेटा देऊन उठून बसली आणि तिनं मला हातानं मागे सारलं.

"तुमी लांब नका जाव सायेब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अख्ख्या बराकीला ऐकू गेला. "बाईला बोलली ते बाईनं लिवला, ते पुन्याला गेला. आता मीच बोलतंय. माझे आंगावशी रगात जाताय. तीन मयने. लाजून लाजून मी आर्धी मेली. आता आर्धी हाय, तिला कनाला लाजू?"

दवाखान्याचे मुख्य डॉक्टर वाकले. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. "आजच हलवायला हवं," ते न्यायाधीशांना म्हणाले. "उद्या नको. मी वॉर्डला निरोप देतो, रक्ताची सोय करून ठेवायला सांगतो." हे डॉक्टरही अभ्यागतच. गेल्या वर्षभरात चार बैठका झाल्या असतील, चारही वेळा ते या बराकीपासून पन्नास पावलांवर बसून चहा पिऊन गेले असतील. तसा मीही प्यायले होते, म्हणून त्यांना काही बोलायचं तोंड मला नव्हतं.

न्यायाधीश अधीक्षकांच्या खोलीत परत आले ते थेट फोनजवळ. पोलीस मुख्यालयातल्या साहेबाशी ते फार मोठ्यानं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की तुमच्याकडे गेलेली दहा पत्रं माझ्यासमोर आहेत, ही बाई न्यायालयाच्या वॉरंटावर आत आहे म्हणजे ती न्यायालयाच्या ताब्यात आहे, आणि तिला काही झालं तर त्या दहा पत्रांचा खुलासा मी तुमच्याकडून माझ्या कोर्टात घेईन. फोन ठेवून त्यांनी स्टेनोला दोन ओळी सांगितल्या. मग तो टाईप केलेला मसुदा उचलून उभा-आडवा फाडला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत, पण हसू मात्र मी दाबलं नाही.

सव्वा तासात गार्द आला. दोन पोलीस आणि एक महिला पोलीस. जी तीन महिने जिल्ह्यात कुठे सापडत नव्हती ती जीपच्या पुढच्या सीटवर बसून आली, चांगली धडधाकट, वेणीत अबोली. स्ट्रेचर नव्हतं. मावशीला चटईसकट चौघीजणींनी उचललं. त्यात जमादारबाईही होत्या, हे सांगायला हवं.

गर्भपिशवी काढावी लागली. वॉर्डातल्या डॉक्टरीण बाईंनी मला सांगितलं, आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर हात टेकावे लागले असते. मुलगी कामावर खाडा करून वॉर्डबाहेर बसायची. मी दोनदा जाऊन आले, हातात मोसंबी घेऊन, दारावरच्या पोलिसाला नेमणुकीचं पत्र दाखवून.

ते पत्र फार दिवस कामाला येणार नव्हतं. पुढच्या महिन्यात सरकारचं दुसरं पत्र आलं. माझी मुदत संपत आली होती, ती वाढवण्यात येत नव्हती, आणि मी दिलेल्या सहकार्याबद्दल शासन आभारी होतं. आमदार रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, जरा सांभाळून घ्यायचं असतं हो." मी म्हटलं, "वर्षभर सांभाळूनच घेतलं. त्यानंच तर ती बाई मरायला टेकली होती." यांना वाटलं मला वाईट वाटेल. वाईट वाटलं नाही, संताप आला. अजूनही येतो. काढून टाकायचंच होतं तर तीन खोटे शेरे लिहिले तेव्हा काढायला हवं होतं.

एक पाळी शिल्लक होती. ती मी सोडली नाही. सोबत नव्यानं नेमलेले एक गृहस्थ होते, सफारी घातलेले. माझ्या जागी पुढे तेच यायचे होते; यादीत एक बाई हवी, हे बहुधा कुणाच्या लक्षात राहिलं नसावं. बायकांच्या बराकीबाहेर आता एक तक्रारपेटी लटकत होती, नव्या कुलपाची. मावशी दवाखान्यातून परत आली होती. ओळीत बसली होती, पोटाला घट्ट पंचा बांधून. चेहऱ्यावर किंचित रंग चढला होता. मी तिच्याकडे बघून हसले, ती हसली नाही. तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

नवे गृहस्थ दारातच उभे राहिले. शेजारी अधीक्षक, मागे जमादारबाई. मी त्यांना बाजूला घेऊन सांगणार होते की असं नाही विचारायचं, पण त्यांनी तोवर विचारून टाकलं, "काय, कुणाची काही तक्रार?"

माना हलू लागल्या. तेवढ्यात मावशी भिंतीला हात लावून उठली. एका हातानं पोट धरलेलं.

"हाय," ती म्हणाली. "माजी नाय. माजा झाला. ती तिकडं तोंड करून बसलेय ना, ती पोर. पंधरा दिस खोकतेय. काल रगात पडला. ती नाय बोलनार, नवीन हाय."

कोपऱ्यातल्या पोरीनं पदर तोंडात घातला. जमादारबाई मागून ओरडल्या, "ए, बस खाली! टाके तुटतील!"

"तुटले तं तुटले," मावशी म्हणाली. तिनं त्या नव्या गृहस्थांकडे ढुंकून पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. त्यांच्या सफारीच्या खिशाला अडकवलेल्या पेनाकडे बोट केलं. "लिवा आदी. मंग बसतंय."